दोन लाख शेतकरी, एक लिलाव आणि पाच सेकंद: संत्र्याच्या भावाच्या ॲपसाठी क्षमतेचा अंदाज

## पार्श्वभूमी

नागपुरातली पाच जणांची एक सॉफ्टवेअर टीम. ग्राहक म्हणजे कळमना बाजारात संत्र्याची आडत करणाऱ्या काही व्यापाऱ्यांचा गट. त्यांना आंबिया बहाराच्या हंगामाआधी एक ॲप हवं होतं. सकाळी बाजारात लागलेल्या ढेऱ्यांचे फोटो, प्रत्येक ढेरीवर चालू असलेली बोली आणि शेवटी सुटलेला भाव काटोल, नरखेड, वरुडकडच्या बागायतदाराला घरबसल्या दिसावा, एवढंच काम. बोली तोंडीच लागणार होती. आडत्याचा माणूस ती टॅबमध्ये भरणार होता.

नावं आणि ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण तसंच ठेवलं आहे.

पहिल्याच बैठकीत व्यापाऱ्यांच्या बाजूने एकच अट आली: "भाऊ, दोन लाख लोकं पाहतील. ऐन लिलावात सर्व्हर बसला नाही पाहिजे." मग दोन प्रश्न: मशीन किती लागतील आणि महिन्याला बिल किती येईल? उत्तर दोन दिवसांत हवं होतं. ॲप अर्धवट होतं, त्यामुळे मोजण्यासारखं हातात काही नव्हतं. कागदावरच्या ढोबळ हिशेबाला पर्याय नव्हता.

## अडचण: पहिला हिशेब फार छान आला

टीमने सुरुवात सगळे करतात तशी केली. दोन लाख नोंदणीकृत माणसं, प्रत्येकाच्या ॲपकडून सर्व्हरला दिवसाला २० विनंत्या, म्हणजे ४० लाख. दिवसात ८६,४०० सेकंद. भागाकार केला की सेकंदाला ४६ विनंत्या. एवढं तर एक साधं मशीन आरामात ओढतं. हिशेब संपला, असं वाटावं इतकं सोपं.

या गणितात बेरीज-गुणाकाराची चूक नाही. चूक दोन गृहीतकांत आहे. नोंदणी केलेला प्रत्येक माणूस रोज येतो हे एक, आणि तो २४ तासांत कधीही येतो हे दुसरं. पहिल्यामुळे आकडा फुगतो, दुसऱ्यामुळे आटतो. दोन्ही एकाच भागाकारात असल्यामुळे उत्तर बघून काहीच कळत नाही.

पहिलं गृहीतक तपासायला पुरावा हाताशी होता. व्यापाऱ्यांची जुनी एसएमएसवर भाव कळवण्याची सेवा होती. तिच्या नोंदीत दोन लाख नंबर होते, पण हंगामातल्या चांगल्या दिवशी भाव विचारणारे साधारण ६०,००० निघत. म्हणून रोजचे वापरकर्ते ६०,००० धरले. अशी जुनी नोंद कुठेतरी असतेच: मिस्ड कॉलची यादी, रजिस्टर, दूरध्वनीचं बिल. ती न मागता '३० टक्के धरू' म्हणणं म्हणजे आळस.

दुसऱ्या गृहीतकासाठी बाजाराचं घड्याळ बघावं लागलं. लिलाव सकाळी ८ ते १०. चार ओळींमध्ये एकाच वेळी बोली चालते, दिवसाला सुमारे २०० ढेऱ्या सुटतात. भाव बघणारा माणूस तेव्हाच बघणार, दुपारी बारानंतर तो अंक शिळा. वापराचा ७० टक्के भाग या दोन तासांत येईल असं धरलं.

आता तोच हिशेब पुन्हा. ६०,००० माणसं, प्रत्येकी २० विनंत्या, म्हणजे १२ लाख. त्याचे ७० टक्के ८.४ लाख, भागिले ७,२०० सेकंद. उत्तर सेकंदाला ११७. पहिल्या उत्तराच्या अडीचपट, तरीही घाबरण्यासारखं काही नाही.

## खरा आकडा कुठे लपला होता

एका विनंतीमागे माणसाचं बोट असतं, असं या २० च्या आकड्यात गृहीत धरलं होतं. ॲप उघडलं, यादी पाहिली, ढेरी उघडली, मागे आला. पण भावाचा पडदा उघडा असताना ॲप स्वतःहून दर पाच सेकंदांनी ताजी यादी मागवत होतं. ती विनंती कुणाच्या बोटाने होत नव्हती, म्हणून कुणी मोजलीच नव्हती.

अशा विनंत्यांसाठी दिवसभरात किती माणसं आली हे विचारून उपयोग नाही. एका क्षणी किती माणसांचा पडदा उघडा आहे, हे विचारावं लागतं. त्यासाठी जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम पुरतो: आत येण्याचा वेग गुणिले आत थांबण्याचा सरासरी वेळ, बरोबर एका वेळी आत असलेली माणसं.

```
40,000 लोक / 120 मिनिटे × 15 मिनिटे = 5,000 एकाच वेळी
गर्दीच्या क्षणी दुप्पट               = 10,000
10,000 / 5 सेकंद                     = 2,000 विनंत्या प्रति सेकंद
```

६०,००० चे ७० टक्के ४२,००० होतात, ते ४०,००० धरले. अशा हिशेबात एका आकड्यापलीकडची अचूकता म्हणजे स्वतःची फसवणूक. माणूस सरासरी पंधरा मिनिटं थांबेल हा मात्र निव्वळ अंदाज होता, आणि पुढे तो चुकीचा निघाला.

११७ बाजूला राहिले, २,००० समोर आले. वापरकर्ते तेवढेच होते. ॲपमधल्या एका ओळीत लिहिलेल्या ५ या आकड्याने भार सतरापट झाला होता. तिथे ५० लिहिलं असतं तर सेकंदाला २०० विनंत्या आल्या असत्या. किती लोक येणार, यावर बैठकीत तासभर वाद झाला होता. या पाचावर एक मिनिटही गेलं नव्हतं.

## बँडविड्थ आणि साठवण

एक ढेरी म्हणजे जेसनमध्ये साधारण २५० बाइट. २०० ढेऱ्यांची पूर्ण यादी ५० केबी. ती सेकंदाला २,००० वेळा पाठवायची म्हणजे १०० एमबी प्रति सेकंद. इथे एक थांबा घ्यावाच लागतो. जोडणीचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार बाइटमध्ये. १०० एमबी प्रति सेकंद म्हणजे ८०० मेगाबिट. टीममधल्या एकाने 'आपल्याकडे १०० ची लाइन आहे, बरोबर पुरेल' असं म्हटलंही होतं. ती १०० मेगाबिटची होती, म्हणजे गरजेचा आठवा हिस्सा.

हाच हिशेब शेतकऱ्याच्या बाजूने केला तर जास्त बोलका होतो. पंधरा मिनिटांत १८० वेळा ५० केबी, म्हणजे ९ एमबी. नुसते आकडे बघायला, आणि तेही नरखेडच्या बागेत मोबाइलचा एखादाच दांडा येत असताना.

फोटोंचं गणित आणखी वेगळं निघालं. प्रत्येक ढेरीचे तीन फोटो, मोबाइलमधून निघालेले जसेच्या तसे ३ एमबीचे. साठवण दिवसाला १.८ जीबी, शंभर दिवसांच्या हंगामाला १८० जीबी. हे किरकोळ आहे. टीमने फोटोंचा विषय इथेच मिटवला होता. पण फोटो एकदा साठवला जातो आणि हजारो वेळा पाहिला जातो. ६०,००० माणसांनी प्रत्येकी दहा फोटो पाहिले तर दिवसाला १,८०० जीबी बाहेर जातात. म्हणजे पूर्ण हंगामात जेवढं साठवायचं, त्याच्या दहापट एका दिवसात पाठवायचं.

त्यात यादीचे ३६० जीबी मिळवले की दिवसाला २,१६० जीबी. निवडलेल्या क्लाउडच्या दरपत्रकानुसार बाहेर जाणाऱ्या डेटाला जीबीमागे साधारण ९ रुपये पडत होते. म्हणजे रोजचे १९,००० च्या वर, हंगामाचे १९ लाख. मशीनचं भाडं यापुढे चिल्लर ठरलं. ढोबळ हिशेबाचा खरा फायदा इथे झाला: कुठली गोष्ट महाग आहे ते कळलं, आणि ती मशीन नव्हती.

बोलींच्या नोंदींवर वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. ढेरीमागे वीस बोल्या धरल्या तरी दिवसाला ४,००० नोंदी, एक एमबीच्या आत. पण त्याच आकड्यातून दुसरी गोष्ट निघाली. ४,००० बोल्या दोन तासांत, म्हणजे दोन सेकंदांना साधारण एक. म्हणजे माहिती दोन सेकंदांत एकदा बदलते, आणि तेवढ्यात ४,००० जण तीच माहिती विचारतात.

## तोललेले पर्याय

पहिला पर्याय मशीन वाढवण्याचा. दर विनंतीला डेटाबेसला विचारणारा कोड चार कोअरच्या एका मशीनवर सेकंदाला ३५० विनंत्यांपर्यंत नीट चालला, हे चाचणीत दिसलं होतं. २,००० साठी सहा मशीन, थोडी सवड ठेवून आठ. काम झालं असतं, पण मागचा डेटाबेस एकच राहिला असता आणि डेटाचं बिल एक रुपयाने कमी झालं नसतं. व्यापाऱ्यांना हा पर्याय आवडला होता, कारण त्यात समजण्यासारखी वस्तू होती.

दुसरा पर्याय वेबसॉकेटचा: जोडणी उघडी ठेवायची आणि बोली बदलली की सर्व्हरनेच कळवायचं. ऐकायला हाच सगळ्यांत शहाणा वाटतो. पण १०,००० उघड्या जोडण्या आणि दोन सेकंदांना एक बदल, म्हणजे सेकंदाला ५,००० हून जास्त संदेश बाहेर ढकलायचे. लिनक्सवर एका प्रोग्रामला एका वेळी किती जोडण्या उघडता येतील याची मर्यादा, `ulimit -n`, बरेचदा १,०२४ असते. ती वाढवायची राहिली तर हजाराच्या आसपास नवीन माणूस आत येणं बंद होतं, आणि सीपीयू मात्र निवांत दिसतो. हे सगळं जमवता येतं. नकार दिला तो दुसऱ्या कारणाने. गावाकडे नेटवर्क सतत येतं-जातं, आणि तुटलेली प्रत्येक जोडणी पुन्हा जोडताना सुरक्षित हस्तांदोलनाचे काही केबी नव्याने खर्च होतात. टॉवर क्षणभर गेला की हजार-दोन हजार जण एकदम परत येतात.

तिसरा पर्याय साधा होता, आणि तोच घेतला. यादी सेकंदाला एकदाच तयार करून मेमरीत ठेवायची. ॲपने 'माझ्याकडे अमुक क्रमांकापर्यंतचं आहे' असं सांगायचं आणि सर्व्हरने त्यानंतर बदललेल्या ढेऱ्याच पाठवायच्या. विचारण्याचं अंतर पाचवरून दहा सेकंदांवर न्यायचं.

दहा सेकंदांवर व्यापारी अडले. "बोली निघून जाईन ना भाऊ तोवर!" तेव्हाही हिशेबच कामी आला. चार ओळी, २०० ढेऱ्या, दोन तास, म्हणजे एका ढेरीला सरासरी २ मिनिटं २४ सेकंद. त्यात दहा सेकंदांचा उशीर चालण्यासारखा आहे, कारण ॲपवरून बोली लावायची नव्हती, फक्त पाहायची होती. लावायची असती तर हा पर्याय बाद झाला असता.

## काय केलं

यादीचं उत्तर हेडरसह १ केबीच्या आसपास आलं. १०,००० माणसं, दहा सेकंद, म्हणजे सेकंदाला १,००० विनंत्या आणि ८ मेगाबिट. ८०० च्या जागी ८. मेमरीतून उत्तर देताना एकच मशीन चाचणीत २,५०० पर्यंत गेलं. एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून दोन ठेवली. अंतर नेमकं दहा न ठेवता ८ ते १२ सेकंदांत कमीजास्त होईल असं केलं, नाहीतर एकाच क्षणी उघडलेली ॲप कायम एकाच क्षणी विचारत राहतात.

फोटो टॅबवरच २५० केबीपर्यंत लहान करून पाठवायचे ठरले. यामागे दुसरा हिशेब होता. २०० ढेऱ्यांचे १.८ जीबी लिलावाआधीच्या एका तासात चढवायचे तर सतत ४ मेगाबिटचा अपलोडचा वेग लागतो. बाजारात सकाळच्या गर्दीत मोजला तेव्हा तो दीडच्या आसपास होता. लहान केल्यावर अर्ध्या मेगाबिटच्या आतच काम भागलं. यादीत २० केबीचं छोटं चित्र, ढेरी उघडली तरच मोठं. माणशी दहा छोटी आणि दोन मोठी धरली तर ७०० केबी, एकूण दिवसाला ४२ जीबी. यादीसकट ५० जीबी, म्हणजे रोजचे ४५० रुपये. एकोणीस लाखांचा हंगाम ४५,००० वर आला. त्यात मशीन एकही वाढलं नाही.

## निष्पत्ती

पहिल्या दिवशी ॲप आठ वाजता बसलं.

भावाची यादी नीट चालत होती. बसलं ते प्रवेशद्वार. 'लिलाव सुरू झाला' अशी सूचना आठच्या ठोक्याला एकदम दोन लाख फोनवर गेली. त्यातल्या आठ टक्के लोकांनी पहिल्याच मिनिटात बोट ठेवलं, म्हणजे १६,०००. ॲप उघडताना सहा विनंत्या जात होत्या: ओळख तपासणी, नाव-गाव, आवडते आडते वगैरे. ९६,००० भागिले ६०, सेकंदाला १,६००. आणि या सहाही विनंत्या डेटाबेसपर्यंत जाणाऱ्या, जिथे दोन मशीनची मिळून ताकद ७०० होती.

१,६०० येतात, ७०० जातात, म्हणजे दर सेकंदाला ९०० साचतात. दहा सेकंदांत रांग ९,००० ची. नंतर एकही विनंती आली नाही तरी ती उपसायला १३ सेकंद. ॲपची वाट बघण्याची मर्यादा १० सेकंद होती, त्यामुळे सर्व्हर ज्यांना उत्तर देत होता ती माणसं आधीच कंटाळून पुन्हा विचारत होती. जुनी विनंती मेली, पण काम मात्र झालं, आणि वर नवी आली. यावर कुणी उपाय केला नाही तर गर्दी ओसरली तरी रांग ओसरत नाही.

ओळखायची खूण ही, की डेटाबेसचा सीपीयू ४० टक्क्यांवर होता, पण जोडण्यांचा साठा पूर्ण अडकलेला. आणि प्रतिसादाचा वेळ हळूहळू न वाढता थेट १० सेकंदांवर सपाट झालेला. आलेख असा वेळमर्यादेला चिकटला की समजावं, मशीन हळू नाही, रांग लांब आहे. तेव्हा मशीन वाढवून फार फरक पडत नाही. इथे एक मशीन घाईत वाढवलं तर त्याने डेटाबेसकडे आणखी जोडण्या मागितल्या आणि अवस्था थोडी बिघडलीच.

दुसऱ्या दिवसापासून सूचना ७:४० पासून पंधरा मिनिटांत टप्प्याटप्प्याने जाऊ लागली. सहा विनंत्यांच्या दोन केल्या. पुन्हा विचारण्याआधी १, २, ४, ८ सेकंद असं वाढत जाणारं अंतर ठेवलं. १६,००० लोक, दोन विनंत्या, ९०० सेकंद: सेकंदाला सुमारे ३६. त्यानंतर हंगामभर तक्रार आली नाही.

## अंदाज आणि प्रत्यक्ष

हंगामाच्या मध्यावर मोजणी जुळवून पाहिली. एका वेळचे सर्वाधिक लोक ९,६०० होते, अंदाज १०,००० चा. टीम खूश झाली, पण खोलात गेल्यावर चित्र वेगळं होतं. रोज येणारे ६०,००० नव्हे, ४१,००० होते. आणि ते पंधरा नव्हे, चोवीस मिनिटं थांबत होते. एक आकडा अंदाजापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी, दुसरा निम्म्याहून अधिक जास्त, गुणाकारात एकमेकांना खाऊन टाकलं. थांबण्याचा वेळ तेवढाच असता आणि माणसं ६०,००० आली असती, तर एका वेळचा आकडा १४,००० च्या घरात गेला असता. तो झेपला असता, पण त्या सवडीचं श्रेय अंदाजाला देता येत नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, दिवसाची सरासरी काढण्याऐवजी बाजाराचं घड्याळ मागायला हवं होतं. कोणत्या मिनिटाला, कशामुळे, किती जण एकदम येतात, हे विचारलं असतं तर सूचनेचा प्रश्न कागदावरच पुढे आला असता. टीमने गर्दी मोजली ती 'गर्दीचे दोन तास' म्हणून. त्या दोन तासांच्या आतही एक मिनिट सरासरीच्या कितीतरी वर असतं.

चाचणीसुद्धा फक्त यादीवर घेतली, कारण हिशेबात तीच मोठी दिसली होती. ॲप उघडण्याची वाट हिशेबात 'वीसातल्या सहा विनंत्या' म्हणून विरघळून गेली होती. स्वस्त केलेल्या आणि महाग राहिलेल्या विनंत्या एकाच बेरजेत ठेवल्या की असं होतं. यादी मेमरीत नेली त्या दिवशीच उरलेल्यांचा वेगळा हिशेब मांडायला हवा होता.

थांबण्याच्या वेळेसारख्या निव्वळ अंदाजाला एक आकडा न देता कमीत कमी, बहुधा आणि जास्तीत जास्त असे तीन द्यायला हवे होते: १०, १५, ३० मिनिटं. तीस धरल्यावर एका वेळचे २०,००० आणि सेकंदाला २,००० विनंत्या येतात. एका मशीनच्या २,५०० च्या ते आतच आहे, पण एक बंद पडलं तर सवड किती उरते हे तेव्हाच दिसलं असतं.

मृग बहाराच्या आधी व्यापाऱ्यांची नवी मागणी आली: प्रत्येक ढेरीचा वीस सेकंदांचा व्हिडिओ. एक मेगाबिटने वीस सेकंद म्हणजे २.५ एमबी. ४१,००० माणसांनी प्रत्येकी तीन पाहिले तर दिवसाला ३०० जीबीच्या वर, तेव्हा चालू असलेल्या ३१ जीबीच्या जवळजवळ दहापट, रोजचे २,७०० रुपये. या वेळी उत्तर त्याच बैठकीत दिलं गेलं: व्हिडिओ आपोआप सुरू होणार नाही, आणि पहिल्या महिन्यात तो दिवसाच्या वीस मोठ्या ढेऱ्यांपुरताच असेल.